बाकाखाली राहिलेली एकटी

माझी मुलगी सातवीत असताना नऊ दिवस माझ्याशी बोलली नाही. जेवायला बसायची, ताट उचलायची, दप्तर भरायची, पण बोलायची नाही. घरात आम्ही दोघंच होतो. तिची आई जाऊन तेव्हा दोन वर्षं आणि काही महिने झाले होते. त्यामुळे ती बोलली नाही की घरात कुणीच बोलत नसे. या नऊ दिवसांबद्दल मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ते कशामुळे आले, ते नीट क्रमाने लिहून ठेवावं असं वाटतं.

मी नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी कार्यालयात आकडेमोडीच्या कामावर होतो. पाऊस किती पडला, धरणात पाणी किती, याचे तक्ते करायचे. युद्धाच्या काळात आमच्या वस्तीतून नागरी संरक्षण दलासाठी स्वयंसेवक मागितले, तेव्हा मी नाव दिलं. भोंगा वाजला की दिवे बंद करायला लावायचे, माणसांना जिन्यावरून तळमजल्यावर उतरवायचं, शाळांमधल्या मुलांना खंदकात न्यायचं, ही कामं. युद्ध संपलं, खंदक तसेच राहिले. पुढे दोन-तीन वर्षांनी आम्हा जुन्या स्वयंसेवकांना पुन्हा बोलावून सहा व्याख्यानं दिली. त्यातलं पाचवं भूकंपावर होतं.

व्याख्यान देणारे गृहस्थ निवृत्त लष्करी अधिकारी होते. त्यांनी फळ्यावर चारच शब्द लिहिले: लिफ्ट, बस, बाजार, वर्ग. म्हणाले, "घरात माणूस काहीतरी करतोच. या चार ठिकाणी तो दुसऱ्याकडं बघतो, आणि दुसरा पळत असतो." मला ते पटलं. मी घरी येऊन चार रकान्यांचा कागद केला.

त्या कागदाचा आमच्या घरात एक खेळ झाला. तिची आई गेल्यापासून आम्हाला एकमेकांशी बोलायला विषय लागायचा. मला गोष्टी सांगता येत नाहीत. म्हणून मी कुठंही तिला विचारायचो, "आत्ता हललं तर?" आणि ती उत्तर द्यायची.

कामठीला तिच्या मावशीकडं जाताना बसमध्ये विचारलं. तिनं समोरच्या सीटचा दांडा दोन्ही हातांनी धरला आणि डोकं खाली घातलं. "उठायचं नाही. दाराकडं जायचं नाही. ड्रायव्हर बस थांबवेपर्यंत असंच."

"आणि ड्रायव्हरनं?"

"एकदम ब्रेक नाही मारायचा. हळूहळू बाजूला घ्यायची. झाडाखाली नाही, तारांखाली नाही, पुलावर नाही."

"थांबल्यावर?"

"हलणं थांबेपर्यंत आतच. तार पडली असेल बसवर, तर उतरायचंच नाही."

कंडक्टर शेजारी उभा राहून ऐकत होता. तो म्हणाला, "साहेब, भूकंप आला तं तिकिटाचे पैसे वापस द्या लागतीन का मले?" सगळी बस हसली. मुलगीही हसली. तो ड्रायव्हरला ओरडून म्हणाला, "अबे, आइकलं का? झाडाखाली थांबू नको म्हणते पोरगी!" ड्रायव्हर म्हणाला, "चहाची टपरी झाडाखालीच हाये गा, मंग काय करू?"

सीताबर्डीवर एका भांड्यांच्या दुकानात पितळी हंडे छतापर्यंत एकावर एक रचलेले होते. तिनं मी न विचारताच सांगितलं, "बाबा, इथं उभं नाही राहायचं. हललं तर या फळ्यांपासून दूर व्हायचं, त्या काउंटरच्या बाजूला खाली बसून डोकं झाकायचं. दाराकडं सगळे धावतील, आपण नाही." मी दुकानदाराला सांगितलं की वरचे हंडे तरी दोरीनं बांधून ठेवा. तो म्हणाला, "भाऊ, तुमी भांडं घ्याले आले का माह्यं दुकान हालवाले आले?" आम्ही एक तपेली घेतली आणि निघालो. रस्त्यावर आल्यावर ती म्हणाली, "बाहेर असलो तर पाट्या आणि सज्जे यांच्याखाली नाही, रस्त्याच्या मोकळ्या भागात." त्या दिवशी मला वाटलं, मी बाप म्हणून काहीतरी देतो आहे.

तिची शाळा मुलींची, दोन मजली. सातवीचा वर्ग वर. मी मुख्याध्यापिका बाईंना भेटून भूकंपाचं प्रात्यक्षिक देण्याची परवानगी मागितली. त्यांनी चाळीस मिनिटं दिली, आणि तीही खालच्या मैदानात, सगळ्या वर्गांना एकत्र. मी एक बाक मैदानात आणवला. त्याच्याखाली माझ्या मुलीला बसवून दाखवलं: गुडघे टेकायचे, डोकं आणि मान बाकाखाली, एका हातानं बाकाचा पाय घट्ट धरायचा, बाक सरकला तर आपणही सरकायचं. खिडकीच्या काचांकडं पाठ. जिन्याकडं धावायचं नाही. मनातल्या मनात सावकाश आकडे मोजायचे, म्हणजे जीव शांत राहतो. शेवटी मी म्हणालो, "शिक्षक सांगतील तेव्हाच बाकाखालून बाहेर यायचं." मुली हसत होत्या. सातवीच्या वर्गशिक्षिका सावलीत बसून वह्या तपासत होत्या. मला त्याचं काही वाटलं नाही.

तो शेवटचा अर्धवट नियम माझा होता. अधिकाऱ्यांनी तसं सांगितलं नव्हतं.

धक्का आला तो सकाळी, पावणेअकराच्या सुमारास. नागपूर काही भूकंपाचं गाव नाही. केंद्र कुठं दूर होतं, ते दुसऱ्या दिवशी पेपरात आलं. मी तळमजल्यावरून तक्त्यांची फाइल घेऊन लिफ्टनं वर चाललो होतो. आमची लिफ्ट जुनी, जाळीच्या दाराची, लिफ्टमन स्टुलावर बसून चालवायचा. पहिला मजला गेला आणि एकदम पिंजरा बाजूच्या लोखंडी रुळांवर खडखड आपटायला लागला. दिवा लुकलुकला. लिफ्टमन म्हणाला, "बाप्पा!" पण त्याचा हात चुकला नाही. दुसऱ्या मजल्यावर त्यानं लिफ्ट थांबवली, जाळी सरकवली, म्हणाला, "उतरा साहेब, उतरा." हे मीच त्याला शिकवलं होतं: जो मजला आधी येईल तिथं थांबवायचं, बाहेर पडून आतल्या भिंतीपाशी बसायचं, अडकलो तर जाळी उचकटायची नाही, घंटा दाबून थांबायचं.

तो उतरला आणि लिफ्टच्या शेजारच्या आतल्या भिंतीला टेकून खाली बसला. डोक्यावर दोन्ही हात.

आणि मी पळालो.

मी का पळालो, याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. त्या क्षणी विचार केला असं म्हणता येणार नाही. सगळे जिन्याकडं धावत होते आणि माझे पायही धावले. दोन मजले, चव्वेचाळीस पायऱ्या. एका वळणावर मी एका वयस्कर शिपायाला कोपर मारलं, हे मला नंतर आठवलं. खाली अंगणात पोहोचलो तेव्हा माझ्या एका पायात चप्पल नव्हती आणि हलणं कधीच थांबलं होतं. सगळा धक्का पंधरा-वीस सेकंदांचा असावा. इमारतीला काही झालं नव्हतं.

मी चप्पल शोधली नाही. सायकल काढली आणि शाळेकडं निघालो. अनवाणी पायानं पॅडल मारताना पाय घसरत होता, दोनदा उतरून चालावं लागलं. शिवाय रस्त्यावर माणसं उभी होती, गाड्या उभ्या होत्या. एरवी वीस मिनिटांची वाट, त्या दिवशी अर्धा तास लागला.

शाळेत पोहोचलो तर मुली मैदानात. काय झालं होतं ते मुख्याध्यापिका बाईंनी सांगितलं. धक्का बसला तशा सातवीच्या वर्गशिक्षिका ओरडल्या, "खंदकात चला!" सगळा वर्ग उठून जिन्यावर गेला. जिना चार फूट रुंद. बारा मुलींचे गुडघे फुटले आणि एकीचं मनगट मोडलं. तिला वर्गशिक्षिका रिक्षानं रामदासपेठेतल्या दवाखान्यात घेऊन गेल्या होत्या. उरलेल्या मुली कुंपणाच्या भिंतीलगतच्या जुन्या खंदकात जाऊन पालथ्या पडल्या होत्या, कोपरं टेकून, रुमाल दातात धरून, युद्धात शिकवल्याप्रमाणे. भिंतीच्या माथ्यावरच्या तीन विटा सुटून खंदकात पडलेल्या मी पाहिल्या. त्या कुणाच्या अंगावर पडल्या नाहीत.

मला माझी मुलगी दिसेना. मी विचारलं, "मुली मोजल्या का?"

बाई म्हणाल्या, "सगळ्या खाली आल्या आहेत हो."

"पटावर किती?"

"बावन्न."

"आज हजर किती?"

हजेरीपट वरच राहिला होता. मॉनिटर मुलीला हजेरी पाठ होती. ती म्हणाली, "एकोणपन्नास." मी मैदानातल्या सातवीच्या मुली मोजल्या. सत्तेचाळीस. पुन्हा मोजल्या, सत्तेचाळीसच. एक दवाखान्यात. अठ्ठेचाळीस.

जिना नीट पाहून, भिंतीला तडा नाही ना हे बघत मी वर गेलो. वर्गात दप्तरं सांडलेली होती. भिंतीवरचा नकाशा खाली पडला होता. तिसऱ्या ओळीतल्या बाकाखाली ती होती. गुडघे टेकलेले, एका हातानं बाकाचा पाय धरलेला, दुसरा मानेवर. तिचे ओठ हलत होते. मी नावानं हाक मारली तेव्हा तिनं वर पाहिलं आणि विचारलं, "येऊ बाहेर?"

मी म्हणालो, "ये."

ती उठायला लागली तर पायाला मुंग्या आल्या होत्या. मी तिला धरलं. ती म्हणाली, "दोन हजार शहाण्णव." मला आधी कळलं नाही. मग कळलं. ती आकडे मोजत होती. हलणं वीस सेकंदांत थांबलं, त्यानंतर अर्ध्या तासाहून अधिक वेळ ती त्या रिकाम्या वर्गात बाकाखाली मोजत बसली होती, कारण शिक्षक सांगतील तेव्हाच बाहेर यायचं असं मी सांगितलं होतं, आणि शिक्षक तर केव्हाच खाली गेले होते.

खाली मुलींनी तिला पाहिलं. एक म्हणाली, "आम्हाले वाटलं तू पयाली आमच्याआधी!" दुसरी म्हणाली, "बाकाखाली झोपून राहिली होती का वं?" हसणं झालं. मी सायकल आणायला फाटकाकडं वळलो.

घरी येताना मी तिला म्हणालो, "तू एकटीनंच बरोबर केलंस." ती सायकलच्या मागच्या कॅरिअरवर बसली होती. तिनं उत्तर दिलं नाही. नऊ दिवस मोजायचे ते तिथून.

तिच्या बाकावर तिच्या शेजारी बसणारी मुलगी म्हणजेच मनगट मोडलेली. हे मला तिच्याकडून नाही, मुख्याध्यापिका बाईंकडून कळलं. धक्का बसला तेव्हा माझ्या मुलीनं तिचा हात धरून तिला बाकाखाली ओढलं होतं. त्या मुलीनं हात सोडवून घेतला आणि ती पळाली. आता प्लास्टर घालून शाळेत आली तेव्हा ती दुसऱ्याच बाकावर बसली. मधल्या सुट्टीत माझी मुलगी डबा वर्गातच खायची. वर्गात तिला 'बाकाखालची' म्हणत, हेही बाईंनीच सांगितलं. एक दिवस बाकाखाली खडूनं उंदीर काढलेला होता.

मला ते सहन होत नव्हतं आणि काही करता येत नव्हतं. संध्याकाळी आम्ही दोघं एका खोलीत बसायचो, ती अभ्यास करायची, मी उगाच कार्यालयातले तक्ते घरी आणून बसायचो. एकदा सवयीनं तोंडातून आलं, "आत्ता हललं तर?" तिनं पुस्तकातून डोकं वर काढलं, माझ्याकडं पाहिलं, आणि दिवा घेऊन स्वयंपाकघरात जाऊन बसली. मी अंधारात राहिलो. घरात दुसराही दिवा होता, पण तो लावायला मी उठलो नाही.

कार्यालयात मात्र माझं कौतुक चाललं होतं. "तुमच्या मुलीनं बघा कसं शिकवल्याप्रमाणे केलं," असं लोक म्हणत. मी मान हलवायचो. मी पळालो हे फक्त लिफ्टमनला माहीत होतं. सातव्या-आठव्या दिवशी लिफ्टमध्ये आम्ही दोघंच असताना तो म्हणाला, "साहेब, एक गोष्ट पुसू का? रागावू नका."

"पूस."

"तुम्हीच तं मले सांगतलं होतं, उतराचं अन् भिंतीपाशी बसाचं. मी बसलो. अन् तुम्हीच काहून पयाले?"

मी म्हणालो, "मला माहीत नाही."

"मले माहीत हाये," तो म्हणाला. "लढाईच्या टायमाले तुम्ही भोंगा वाजला का सारं हाफिस खाली उतरवत होते ना? शिट्टी मारू मारू. मी मोजत होतो, माही लिफ्ट बंद राहे म्हणून. कमीतकमी तीस डाव उतरवलं तुम्ही. भिंतीपाशी बसाचं तुम्ही मले एकडाव सांगतलं, अन् स्वतः एकडावही नाही बसले."

तिसरा मजला आला. त्यानं जाळी उघडली. मी उतरलो नाही. त्याला खाली न्यायला सांगितलं आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

हिशेब साधा होता आणि तो मला, आकड्यांच्या माणसाला, दिसला नव्हता. शाळेत खंदकाचा सराव युद्धाच्या काळात दर शनिवारी झाला होता. माझं प्रात्यक्षिक एकदा झालं, मैदानात, जिथं बाक नसतात. मुलींनी ते पाहिलं होतं, केलं नव्हतं. केलं होतं ते एकट्या माझ्या मुलीनं, बसमध्ये, दुकानात, माझ्याबरोबर, शंभरदा. म्हणून ती एकटी पडली. वर्गशिक्षिकेची चूक तेवढीच होती जेवढी माझी, आणि मी तर मनातल्या मनात त्यांनाच दोष देऊन मोकळा झालो होतो.

मुख्याध्यापिका बाईंकडं मी दोन गोष्टी मागितल्या. खंदक बुजवावा, आणि दर शनिवारी दहा मिनिटं प्रत्येक वर्गात, मुली आपापल्या बाकावर असताना, सराव व्हावा. घंटा वाजवायची नाही, कारण भूकंप घंटा वाजवून येत नाही. शिक्षिकेनं शिकवता शिकवता म्हणायचं, "हलतंय." बाई म्हणाल्या, "पहिला तुम्हीच घ्या. सातवीपासून." त्या दिवशी घरी मुलीला मी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती शाळेत गेली नसती.

शनिवारी सकाळी मी वर्गात उभा राहिलो. वर्गशिक्षिका दाराशी होत्या, या वेळी हातात वह्या नव्हत्या. माझी मुलगी तिसऱ्या ओळीत, बाकावर एकटी, मान खाली.

मी आधी ठरवलेलं भाषण बाजूला ठेवलं. म्हणालो, "त्या दिवशी मी लिफ्टमध्ये होतो. लिफ्टमन नियमानं वागला. मी पळालो. चव्वेचाळीस पायऱ्या. एका म्हाताऱ्याला कोपर मारलं. एक चप्पल हरवली."

पाठीमागून कुणीतरी फिसकन हसलं आणि सगळा वर्ग हसायला लागला. "काका, चप्पल सापडली का?" "सापडली," मी म्हणालो. "शिपायानं ठेवली होती. ज्याला कोपर मारलं त्यानंच." आणखी हसणं. वर्गशिक्षिकाही हसल्या, मग म्हणाल्या, "मीही पळालेच की." 

आम्ही चार वेळा सराव केला. पहिल्या वेळी सगळ्या बाकाखाली जायला एकवीस सेकंद लागले, चौथ्या वेळी सहा. प्लास्टरवाल्या मुलीनं विचारलं, "एकच हात असला तं?" मी म्हणालो, "तर त्यानं बाकाचा पाय धर. मोडलेला हात पोटाशी घे, आणि डोकं जितकं आत नेता येईल तितकं आत."

मग पहिल्या ओळीतल्या एका धीट मुलीनं दाराकडं बघत विचारलं, "अन् बाईच नसल्या वर्गात, तं बाहेर या म्हणून कोण सांगन?"

मी तोंड उघडलं, पण त्याआधी माझी मुलगी उभी राहिली. माझ्याकडं न बघता, फळ्याकडं बघून म्हणाली, "कोणीच नाही सांगत. हलणं थांबलं की आपणच उठायचं. आधी वर बघायचं, काही पडायला आलंय का. मग शेजारच्या मुलीला बघायचं. मग चालत, रांगेत, मैदानाच्या मध्ये. भिंतीपाशी नाही." मग ती म्हणाली, "मी वाट पाहिली. तसं नाही करायचं."

ती बसली. कुणी हसलं नाही. प्लास्टरवाली मुलगी तिच्याकडं वळून बघत होती. थोड्या वेळानं ती उठली, आपलं दप्तर एका हातानं ओढत तिसऱ्या ओळीत आली आणि पूर्वीच्या जागी बसली. माझी मुलगी सरकली.

शाळा सुटली तेव्हा मी फाटकाशी सायकल धरून उभा होतो. ती बाहेर आली ती दोन दप्तरं घेऊन, एक तिचं आणि एक मागोमाग येणाऱ्या प्लास्टरवाल्या मुलीचं. माझ्यासमोर थांबली. म्हणाली, "बाबा, मी हिला घरी सोडून येते. तुम्ही जा."

नऊ दिवसांनंतरचं पहिलं वाक्य ते. मी म्हणालो, "बरं."

त्या दोघी आणि आणखी एक अशा तिघी रस्त्याच्या कडेनं निघाल्या. काय बोलत होत्या ते ऐकू येत नव्हतं. मी सायकलवर बसलो असतो तर दोन मिनिटांत त्यांच्या पुढं गेलो असतो, आणि तिला माझ्याकडं बघावं लागलं असतं. म्हणून मी उलट दिशेच्या गल्लीत वळलो आणि लांबच्या वाटेनं घरी आलो. कुलूप काढलं. दुपारचा दीड वाजला होता. दोघांसाठी भात टाकला, आणि ती येईपर्यंत खिडकीशी बसून राहिलो.